दारात पार्सल तोलायचा वजनकाटा : सात-आठ महिन्यांनंतर

बॅगा तोलायचा हुक असलेला डिजिटल काटा विमानप्रवासासाठी घेतला होता. गेले सात-आठ महिने तो दारामागच्या खुंटीवर आहे आणि पार्सलं तोलतो. खोका कापडी पिशवीत घालायचा, पिशवी हुकाला अडकवायची, आकडा स्थिर झाला की फोटो. अर्ध्या मिनिटाचं काम.

काट्याची गरज का पडली? कारण वाटेत कोणी पार्सल उघडून आतलं काही काढलं का, याचा नुसत्या टेपवरून निकाल लागत नाही. वाटेत खोका फाटला तर गोदामातली माणसंही वरून टेप मारतात, आणि त्यात काही गैर नाही. खटकायला हवं ते वेगळं. छापील टेपवर साधी खाकी टेप तिरकी बसलेली असते, तिच्या कडेला पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून निघालेला असतो किंवा लेबलची कड नव्या टेपखाली गेलेली असते. प्लास्टिकच्या पिशवीत तोंडापेक्षा बाजूची शिवण बघा. तिथे कापून पुन्हा चिकटवलं असेल तर बोटाला जाड लागतं.

मिक्सर आला तेव्हा यातली पहिली दोन्ही लक्षणं होती. उत्पादनाच्या पानावर वजन ४.१ किलो, काट्यावर ३.४, तेही खोक्यासकट. एखादं स्टीलचं भांडं गायब असेल तर साधारण एवढाच फरक पडतो. लेबलवर मात्र ६ किलो होतं, आणि इथेच गोंधळ होतो. ते बहुधा आकारावरून काढलेलं वजन असतं : ४० × ३० × २५ सेंमी भागिले ५००० म्हणजे ६. खोका हलका असला तरी कुरिअर तेवढंच वजन धरतं. म्हणून तुलना पानावरच्या वजनाशी करायची.

डिलिव्हरीवाला मुलगा म्हणाला, “काका, ओटीपी सांगा ना, तक्रार नंतर टाका.” म्हटलं, “दादा, तुझा दोष नाही, पण ओटीपी दिला की माल मिळाला अशी नोंद होते.” त्याच्यासमोर एकाच सलग व्हिडिओत खोक्याच्या सहाही बाजू, लेबलवरचा क्रमांक आणि काट्याचा आकडा घेतला. त्याच्या ॲपमध्ये ‘ग्राहकाने नाकारले’ अशी नोंद करून घेतली. कंपनीला लगेच लिहिलं : ‘टेप दुहेरी, पुठ्ठा सोललेला, वजन ०.७ किलो कमी, न उघडता परत.’ पैसे आले, जरा रखडत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पार्सल घ्यावंच लागलं, तर सहीच्या कागदावर सहीशेजारी ‘न उघडता परत’ सोडून तेच वाक्य लिहावं आणि तोच व्हिडिओ न थांबवता खोका उघडावा.

काट्याच्या उणिवा आहेतच. किलोच्या आतल्या पार्सलांना तो बिनकामाचा, तिथे स्वयंपाकघरातला काटा बरा. आणि कोणी फोनच्या जागी तेवढ्याच वजनाचा साबण भरला, तर दोन्ही काटे मुकाट्याने बरोबर आकडा दाखवतील. महागड्या वस्तूंना मी त्यामुळे दारात उघडून दाखवायची डिलिव्हरीच निवडतो.