सहा संघ, पाच दिवस: साखळी सामने लावायच्या तीन पद्धती

सहा संघ आहेत, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं आहे, म्हणजे 15 सामने. मैदानं तीन आहेत आणि एका संघाला दिवसाला एकच सामना. प्रत्येक संघाला पाच प्रतिस्पर्धी असल्यामुळे पाच दिवसांच्या आत हे आटोपणार नाही. प्रश्न एवढाच, की पाचात बसवायचं कसं.

कागदावर संघांचे ठिपके काढा, सामन्यांच्या रेघा ओढा आणि एकाच ठिपक्याला मिळणाऱ्या रेघांना वेगवेगळे रंग द्या. एक रंग म्हणजे एक दिवस. एका ठिपक्याला मिळणाऱ्या रेघांची सर्वांत मोठी संख्या म्हणजे Δ, आणि तितके रंग तर लागतातच. दोन ठिपक्यांमध्ये एकच रेघ असेल, तर Δ किंवा फार तर Δ + 1 रंगांत काम होतं, हे वादिम व्हायझिंग यांनी 1964 साली सिद्ध केलं. त्या एका जादा दिवसावरच पद्धतींची निवड ठरते.

पहिली पद्धत अनेकांना सुचते: तीन-तीन संघांचे दोन गट करा, आधी गटांमधले सामने उरका, मग गटाच्या आतले. पहिले तीन दिवस झकास जातात, रोज तिन्ही मैदानं भरलेली. गटागटांतल्या सामन्यांना नेहमी Δ इतकेच रंग पुरतात, हे क्योनिग यांचं 1916 सालचं प्रमेय. अडचण चौथ्या दिवशी समोर येते. आता प्रत्येक संघाचे दोनच सामने उरलेत, पण ते दोन सुट्या त्रिकोणांत आहेत. त्रिकोणातल्या कोणत्याही दोन रेघा एका ठिपक्यावर भेटतात, म्हणून प्रत्येक गटात दिवसाला एकच सामना होतो आणि दोनऐवजी तीन दिवस लागतात. एकूण सहा. गट चार-चारांचे असते, तर चार आणि तीन मिळून सात दिवसांत आठ संघांचं सगळं नेमकं बसलं असतं. गटात विषम संघ असले की मात्र एक दिवस वाया जातो.

दोनच दिवस झाले असतील, तर अजून सावरता येतं. समजा 1, 2, 3 एका गटात, 4, 5, 6 दुसऱ्यात, आणि 1–4, 2–5, 3–6 व 1–5, 2–6, 3–4 हे सामने झाले. तर पुढचे तीन दिवस असे लावा:

तिसरा: 1–6, 2–3, 4–5
चौथा: 2–4, 1–3, 5–6
पाचवा: 3–5, 1–2, 4–6

गटांमधले उरलेले तीन सामने एकाच दिवशी न संपवता तीन दिवसांवर पसरले, म्हणून हे जमलं.

दुसरी पद्धत चक्राची, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. 6 ला जागेवर ठेवा, बाकीचे पाच गोलात फिरवा. पहिल्या दिवशी 6–1, 5–2, 4–3. पुढे रोज 6 सोडून प्रत्येक आकड्यात एक मिळवा, 5 नंतर पुन्हा 1. म्हणजे दुसऱ्या दिवशी 6–2, 1–3, 5–4, तिसऱ्या दिवशी 6–3, 2–4, 1–5. पाच दिवसांत पंधराही सामने होतात, एकही जोडी दुसऱ्यांदा येत नाही.

हिचा एक दोष आहे. 3 हा संघ दमवणारा असेल, तर त्याच्याशी खेळून थकलेले 4 आणि 1 दुसऱ्याच दिवशी 5 समोर येतात, आणि 5 चा फायदा होतो. म्हणून क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्या. हवं तर दिवसांचा क्रमही बदला, त्याने जोड्या बिघडत नाहीत.

तिसरी पद्धत म्हणजे 1–2, 1–3, 1–4 अशी यादी धरून प्रत्येक सामना जमेल त्या पहिल्या दिवशी टाकणं. सहा संघांसाठी हे केलं, तर सात दिवस लागतात. पहिल्या दिवशी 1–2, 3–4, 5–6 येतात. दुसऱ्या दिवशी 1–3, 2–4 लागले की उरतात 5 आणि 6, आणि ते तर आधीच खेळलेत. एखादं मैदान रिकामं असताना दोन संघ बसून राहिले, की हेच घडतंय असं समजा. या पद्धतीची खात्री फक्त 2Δ − 1 ची, म्हणजे इथे नऊ दिवसांची.

संघ सात असतील, तर Δ सहा, पण दिवसाला तीनच सामने होऊ शकतात आणि सामने 21, म्हणून सात दिवस अटळ. चक्रात आठवा काल्पनिक संघ धरा, त्याच्या वाट्याला आलेल्याला बाय. आणि सहा संघांना मैदानं दोनच असतील, तर 15 सामन्यांना आठ दिवस लागणारच. मग पाच दिवसांचा हट्ट सोडून चक्रातले सामने त्या आठ दिवसांवर पसरवावेत.