आवाज आपोआप वाढणारे इअरबड्स, गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गणपतीच्या सेलमध्ये घेतले होते, दोन हजाराच्या आतले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते या रेंजमधल्या बऱ्याच टचवाल्या बड्सना लागू होतंय. साउंड चांगला, बेस जरा जास्तच, बॅटरी अजूनही दिवस काढते, कॉलवर समोरच्याला ट्रॅफिक ऐकू जातं पण या पैशात एवढं चालायचंच. थंडीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत पण कानात घालून फिरलो, काय त्रास नाही. मार्च लागला, ऊन तापायला लागलं आणि मग नाटकं सुरू.

म्हणजे कसं, गाणं मध्यम आवाजात चालूय, फोन खिशात, हात कुठंच लागलेला नाही, आणि आवाज एकेक पायरी चढत चढत फुल. कानठळ्या बसायची वेळ. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला असतो, तिथं जेवणाच्या सुट्टीत जास्त व्हायचं, आणि संध्याकाळी तलावाकडं चालायला गेलो की परत तेच. घरी कूलरपुढं बसलं की एकदम शहाण्यासारखे वागतात. तिथंच डोक्यात आलं की घामाचा काहीतरी संबंध आहे, पण आधी बाकीचं तपासून घेतलं, कारण आवाज हलवणारे तिघं असू शकतात: बडचा टच, फोनचं बटण, नाहीतर फोन आणि बडमधला व्हॉल्यूमचा सिंक.

फोनचं बटण आधी बघा, सगळ्यात सोपं आहे ते. बड्स केसमध्ये ठेवा, ब्लूटूथ बंद करा, फोनच्या स्पीकरवर गाणं लावून फोन टेबलावर ठेवून द्या. तरी पण व्हॉल्यूमची पट्टी स्क्रीनवर येऊन हलत असली तर बड्सची चूक नाही, बटण दबून बसलंय. आमच्या दाजींच्या फोनचं हेच झालतं, जाड रबरी कव्हर कडेनं बटणावर दाबून धरत होतं, कव्हर काढलं, विषय संपला. अजून एक खूण म्हणजे आवाज कमी करायचं बटण अडकलेलं असलं तर बरेच अँड्रॉइड फोन रीस्टार्ट केले की आपोआप सेफ मोडमध्ये उघडतात. माझा फोन यात पास झाला.

मग पट्टीकडं लक्ष ठेवलं. फोन टेबलावर, बड्स कानात, बाहेर ऊन रणरणतंय आणि मी मुद्दाम पत्र्याच्या शेडखाली बसलोय, लोक म्हणत असतील याला काय झालंय बे. थोड्या वेळात कानावरनं घामाचा ओघळ आला आणि स्क्रीनवर पट्टी आपली आपण वर सरकायला लागली. फोनला कुणी हात लावला नाही तरी पट्टी हलतीय म्हणजे ऑर्डर बडकडनं येतीय. आता माझ्या बड्समध्ये उजवा दाबून धरला की आवाज वाढतो, डावा दाबून धरला की कमी होतो. माझा आवाज कायम वाढतच होता, कमी कधीच नाही. म्हणजे गडबड उजव्यात. खात्रीला उजवा केसमध्ये टाकला, नुसता डावा कानात ठेवून तसाच घाम काढला, एकदाही उडी नाही. परत उजवा एकटा लावला, लगेच चालू.

हे का होतं ते पण सांगतो. बडच्या वरच्या चकतीखाली बटण नसतंय, एक छोटा धातूचा पॅड असतोय आणि बोट जवळ आलं की तिथला विद्युत भार किंचित बदलतो, चिप तो बदल मोजते. घामात मीठ असतंय, तो चकतीवर पसरला आणि कानाच्या कातडीला जोडला गेला की चिपला वाटतं कुणीतरी बोट ठेवलंय. थेंब हललाच नाही तर ते ‘दाबून धरलंय’ असं समजतं, म्हणून आवाज चढतच जातो. डोक्याला गुंडाळलेल्या ओल्या टॉवेलची कड बडला चिकटली तरी हेच होतंय, आणि उन्हाळ्यात सोलापुरात डोक्याला टॉवेल नाही असा माणूस दाखवा. बड पाणी सोसतो म्हणून बॉक्सवर आयपीएक्स ४ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ शिंतोड्यानं आतलं खराब होत नाही एवढाच. टच ओल्यात नीट चालेल असं त्यात कुठंच म्हणलेलं नाही.

उपाय म्हणून आधी पुसून बघितलं. आमच्याकडं कापसाचं तूस उडतं, ते घामाबरोबर चकतीच्या कडेच्या फटीत जाऊन पापुद्र्यासारखं बसलेलं होतं. मऊ कोरड्या कपड्यानं चकती, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावून ती कड. जाळीवर अल्कोहोल लावू नका, आत जातंय. पुसल्यावर पूर्ण वाळू द्या, मग केसमध्ये ठेवून परत काढा, कारण बऱ्याच बड्समध्ये चालू होतानाच टच स्वतःचा शून्य बिंदू धरतो, ओला असताना काढला तर तोच चुकीचा धरला जातो. याने फरक पडला, पण दुपारच्या उन्हात परत अधूनमधून यायचं. शेवटी कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन दाबून धरण्याचं काम दोन्हीकडं काढून टाकलं, डबल टॅप तेवढा ठेवला. त्यानंतर आवाज स्वतःहून वाढलेला नाही. घ्यायच्या आधी ॲपमध्ये टच बंद करायची सोय आहे का ते नक्की बघा, स्वस्तातल्या काही बड्सना ॲपच नसतंय, मग काय करणार.

सिंकचा त्रास वेगळा. अँड्रॉइडमध्ये फोन आणि बड एकच व्हॉल्यूम वापरतात, फोन ० ते १२७ मधला आकडा पाठवतो, बड तेवढा आवाज ठेवतो आणि बडवर बदललं तर फोनला कळवतो. म्हणूनच पट्टी हलते. कधी कधी काही बड्स यात गोंधळतात, मग एका पायरीत आवाज खूप वाढतो नाहीतर कनेक्ट झाल्या झाल्या वेगळ्याच जागी असतो. असं असलं तर सेटिंगमध्ये `Build number` वर सात वेळा टॅप करा, `Developer options` उघडेल, त्यात `Disable absolute volume` चालू करा आणि बड्स तोडून परत जोडा. आता फोनचा आवाज वेगळा आणि बडचा वेगळा. पहिल्यांदा कानातनं काढून टेस्ट करा, बडचा आतला आवाज फुलवर राहिलेला असेल तर दणका बसतो, आणि कमीवर राहिला असेल तर फोन फुल करूनही बारीकच येतो. आयफोनमध्ये ही सोय नाही. आणि हे लक्षात ठेवा की घामाच्या टचवर याचा काही उपयोग नाही, मी करून बघितलं, बड स्वतः वाढवतच राहिला, फक्त पट्टी हलायची बंद झाली. म्हणजे उलट पकडायला अवघड. परत बंद करून ठेवलं.

बटणवालं घेतलं तर सुटतंय का? भावाचा नेकबँड आहे, त्याचं प्लसचं रबरी बटण घामाच्या मिठानं आत चिकटून बसलं होतं, दाबल्यावर ‘टक’ लागायचंच नाही आणि आवाज फुलवर. बंद करून कडेनं अल्कोहोल फिरवल्यावर सुटलं. पण बटण अडकलं तर बोटाला कळतंय तरी, टचचं काहीच कळत नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं पहिल्यांदा ‘रीसेट करून बघा’ म्हणून परत पाठवलं. मग दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढून दाखवला, टेबलावरचा फोन, माझे दोन्ही हात आणि वर सरकणारी पट्टी एकाच फ्रेममध्ये, तेव्हा कुठं तक्रार नोंदवून घेतली. उजवा बड बदलून देतो म्हणालेत, स्टॉक आला की फोन करणारेत. वॉरंटी गणपतीपर्यंत आहे.