क्रिप्टो व्यवहारांची नोंदवही: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दहा महिन्यांपूर्वी, दादरच्या आमच्या सीएंनी सुचविल्यावरून, मी क्रिप्टोच्या व्यवहारांची स्वतःची स्प्रेडशीट ठेवू लागलो. एक्स्चेंजच्या अ‍ॅपवर दिसणारा 'एकूण नफा' कराच्या कामाचा नाही, हे मला तेव्हा प्रथमच नीट उमगले.

२०२२-२३ या आर्थिक वर्षापासून लागू झालेल्या कलम ११५ बीबीएचनुसार आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोसारख्या व्हीडीएच्या, नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. मी ५५,००० रुपयांना घेतलेले बिटकॉइन ७५,००० ला विकले आणि ४०,००० चे ईथर २५,००० ला. अ‍ॅपने ५,००० रुपये नफा दाखविला. कर मात्र २०,००० वर, म्हणजे उपकरासह ६,२४० रुपये आला. हातात राहिलेल्या नफ्यापेक्षा कर अधिक!

माझ्या शीटमध्ये प्रत्येक विक्रीची स्वतंत्र ओळ आहे: मालमत्ता, खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, संख्या, खरेदी किंमत (ई) आणि विक्री किंमत (एफ). विवरणपत्रातील व्हीडीएच्या तक्त्यातही दोन्ही तारखा आणि दोन्ही किमती लागतात आणि तोटा असल्यास उत्पन्न शून्य भरावे लागते. सुरुवातीला मी नुसती वजाबाकी करून रकान्याची बेरीज घेत होतो, त्यामुळे तोटे आपोआप वळते होत होते. आता करपात्र रकान्यात हे सूत्र आहे:

```
=MAX(0, F2-E2)
```

खरा तोटा वेगळ्या रकान्यात ठेवतो, कारण गुंतवणुकीचा निर्णय घेताना तो दिसायलाच हवा.

सर्वांत मोठी चूक मात्र सूत्राची नव्हती. प्रत्येक विक्रीच्या रकमेवर, ती तोट्यातली असली तरी, १ टक्का टीडीएस कापला जातो. वरच्या दोन विक्रींचा तो १,००० रुपये होता, पण आपल्या नावावर कापलेल्या टीडीएसची नोंद दाखविणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये १,२०४ दिसले. २०४ रुपयांचा माग काढताना विसरलेली अदलाबदल सापडली. २०,००० रुपयांची यूएसडीटी ही डॉलरशी जोडलेली क्रिप्टो नाणी मी त्यांची किंमत २०,४०० झाली असताना देऊन ईथर घेतले होते. रुपये खात्यात न आल्यामुळे मी ती विक्री मानली नव्हती; परंतु कायद्याने ती विक्रीच असून तिच्यात ४०० रुपयांचा करपात्र नफा आहे. नव्या ईथरची खरेदी किंमतही त्या क्षणीच्या २०,४०० रुपयांवरूनच धरायची असते. म्हणून अदलाबदल झाली की त्याच दिवशी मी दोन ओळी भरतो, एक विक्रीची आणि एक खरेदीची. महिन्यांनंतर त्या मिनिटाचा रुपयातील दर शोधणे फार कष्टाचे जाते.

या पद्धतीला वेळ लागतो आणि वारंवार व्यवहार करणाऱ्याला हाताने भरणे झेपणार नाही. दर महिन्याला वीस-पंचवीस ओळी असलेल्या माझ्यासारख्याला मात्र रविवारची अर्धी दुपार पुरते, आणि दर तिमाहीला २६एएसशी ताळा जुळवून पाहिल्यावर राहून गेलेली ओळ लगेच कळते.