भाववाढीचं बिल: नवा निर्देशांक जुन्या पायावर आणायचा, की जुना नव्या पायावर?

सप्टेंबर 2020 पासून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक 2001 ऐवजी 2016 च्या पायावर येऊ लागला. ऑगस्टचा अखिल भारतीय आकडा 338 होता, सप्टेंबरचा 118.1. जोडायला लिंकिंग फॅक्टर 2.88. जुन्या पायावर निविदा उघडलेल्या कामांची मजुरीची भाववाढ काढताना दोन वाटा आहेत: नव्या आकड्याला 2.88 ने गुणायचं, किंवा करारातल्या L0 ला, म्हणजे निविदेआधीच्या तिमाहीच्या सरासरी निर्देशांकाला, 2.88 ने भागायचं. दोन्ही मी वापरून पाहिल्या आहेत.

कागदावर दोन्हींचं उत्तर एकच. दुसरी वाट सोपीही वाटते, कारण एकदा भागाकार केला की पुढचे आकडे जसेच्या तसे भरता येतात. ज्याचं बहुतेक काम नव्या मालिकेत पडतं, त्याला ती पटली तर मी वाद घालणार नाही.

पण जुलै ते सप्टेंबर 2020 ची तिमाही घ्या. जुलै 336, ऑगस्ट 338. निविदेआधीची तिमाही जानेवारी ते मार्च, म्हणून L0 = 328. केलेलं काम 1 कोटी, मजुरीचा हिस्सा 25 टक्के, भाववाढीच्या सूत्रातला गुणक 0.85.

```
=0.85*10000000*25/100*(AVERAGE(336,338,118.1*2.88)/328-1)
```

उत्तर 65,063 रुपये. गुणायचं विसरलं, तर उणे 4,14,418 येतात. ही चूक निदान डोळ्यांत भरते.

दुसऱ्या वाटेची चूक भरत नाही. 328 भागिले 2.88 म्हणजे 113.888..., आणि निर्देशांक एका दशांशापर्यंत छापला जातो म्हणून कुणीतरी तो 113.9 करतं. फक्त L0 असा गोल केला, तर 64,849 रुपये. जुलै-ऑगस्टचे आकडेही 2.88 ने भागून गोल केले, तर 65,299. एकाच तिमाहीची तीन बिलं! रक्कम किरकोळ आहे, पण माझं एक बिल लेखा शाखेतून दोनदा परत आलं ते यामुळेच. करारात L0 328 लिहिलेला आणि तक्त्यात 113.9, मग प्रत्येक बिलाला तेच स्पष्टीकरण. तेव्हापासून मी L0 ला हात लावत नाही.

तक्ता कुठलाही असो, चाचणी एकच: जुलै आणि ऑगस्टला 328, सप्टेंबरला 113.9 भरा. 113.9 गुणिले 2.88 म्हणजे 328.03, म्हणून भाववाढ शून्याच्या जवळ यायला हवी. माझ्या सूत्रात ती 69 रुपये येते. लाखांत आली, उणे किंवा अधिक, तर एखाद्या महिन्याला फॅक्टर लागलेला नाही. करारात मुंबई किंवा पुणे केंद्राचा निर्देशांक असेल, तर 2.88 चालणार नाही, त्या केंद्राचाच फॅक्टर लावावा.