मूळ फाइल काढल्यावर काय उरते : हार्ड लिंक आणि सिंबॉलिक लिंक, एका लग्नसराईच्या वापरानंतर

धरमपेठेतील आमच्या फोटो स्टुडिओचे काम लिनक्सवर चालते. कॅमेऱ्यातून आलेले सर्व फोटो `mul` या फोल्डरमध्ये जातात आणि त्यांतून अल्बमसाठी निवडलेले फोटो वेगळे ठेवावे लागतात. निवडीच्या प्रती काढल्या की एकाच फोटोला दुप्पट जागा लागते, आणि टाळता येण्याजोगा डिस्कचा खर्च करणे मला पटत नाही. म्हणून अल्बमसाठी हार्ड लिंक आणि ग्राहकाला स्क्रीनवर दाखवायच्या यादीसाठी सिंबॉलिक लिंक, अशी विभागणी आम्ही केली.

```
ln mul/DSC_0412.JPG nivad/DSC_0412.JPG
ln -s ../mul/DSC_0412.JPG yadi/DSC_0412.JPG
```

उन्हाळ्यात डिस्क भरत आली तेव्हा भागीदाराने `mul` मधील एका उरकलेल्या लग्नाचे फोटो काढून टाकले. त्यानंतर `nivad` मधील प्रत्येक फोटो पूर्वीसारखाच उघडला. `yadi` मधील एकही उघडला नाही आणि `No such file or directory` असा संदेश येत राहिला, जरी `ls` मध्ये ती सर्व नावे जागेवर दिसत होती. याचे कारण असे की फाइलचा मजकूर नावात नसतो, तो आयनोडला, म्हणजे फाइल सिस्टिमने त्या फाइलसाठी ठेवलेल्या क्रमांकित नोंदीला, बांधलेला असतो आणि नाव हे त्या आयनोडकडे नेणारी फोल्डरमधील केवळ एक नोंद असते. हार्ड लिंक म्हणजे त्याच आयनोडचे दुसरे, तितकेच अस्सल नाव. त्यामुळे दोन्हींपैकी 'मूळ' कोणते हा प्रश्नच उरत नाही. `rm` एक नाव पुसते आणि नावांची संख्या एकाने घटवते. ती शून्य झाली आणि कोणत्याही प्रोग्रॅमने फाइल उघडी ठेवलेली नसली, तरच जागा मोकळी होते. सिंबॉलिक लिंक ही मात्र स्वतंत्र छोटी फाइल आहे आणि तिच्यात फक्त मार्गाचा मजकूर असतो. तो मार्ग जेथे पोहोचतो तेथे काही नसेल, तर ती लिंक उघडत नाही.

`ls -l` च्या दुसऱ्या स्तंभातील ही नावांची संख्या मला या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. भागीदाराने फोटो काढल्यावर अपेक्षेपेक्षा बरीच कमी जागा मोकळी झाली, त्याचा उलगडाही तिनेच केला. निवडलेल्या फोटोंची संख्या 2 वरून 1 झाली होती, म्हणजे त्यांची जागा अडलेलीच होती. न निवडलेले फोटो तेवढे खरोखर गेले होते.

तोपर्यंत हार्ड लिंक चांगली आणि सिंबॉलिक लिंक कच्ची, असे माझे मत बनले होते. पुढे ते बदलले. आमच्या संपादनाच्या प्रोग्रॅमने `nivad` मधील एका फोटोचा रंग सुधारून तो जतन केला, पण `mul` मध्ये जुनाच रंग राहिला. पुष्कळ प्रोग्रॅम नवी तात्पुरती फाइल लिहून तिला जुन्याचे नाव देतात, त्यामुळे नवा आयनोड तयार होतो आणि नाते तुटते. संख्या 2 ची 1 झालेली दिसते, एवढीच खूण राहते. याउलट जो प्रोग्रॅम त्याच फाइलमध्ये लिहितो, त्याचा बदल दोन्ही नावांवर एकदम उमटतो, आणि त्याने फाइल बिघडवली तर दोन्हीकडे बिघडते. म्हणून हार्ड लिंकला राखीव प्रत समजणे चूक आहे. ती चुकून पुसण्यापासून वाचवते, बिघाडापासून नाही.

सिंबॉलिक लिंकचा खरा धोका मात्र न उघडण्यात नाही. कॅमेऱ्याचा क्रमांक 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो. नव्या लग्नाचे फोटो त्याच `mul` मध्ये उतरल्यावर तुटलेल्या लिंकपैकी काही जिवंत झाल्या आणि जुन्या ग्राहकाच्या यादीत कामठीच्या लग्नातील फोटो दिसू लागला. लिंकला फक्त मार्ग ठाऊक असतो. तेथे आता कोणाचा फोटो आहे हे ती पाहत नाही. तुटलेल्या लिंक शोधण्याची आज्ञा ही आहे, पण अशी चुकीची जिवंत लिंक तिला सापडत नाही:

```
find yadi -xtype l
```

त्यावर उपाय म्हणून प्रत्येक लग्नाला तारखेचे स्वतंत्र फोल्डर करून तेच मार्गात आणले, म्हणजे तोच मार्ग पुन्हा तयार होणार नाही. यादीसाठी सिंबॉलिक लिंकच ठेवल्या, कारण मूळ फोटो गेल्याचे त्या लगेच सांगतात. शिवाय बाहेरील डिस्कवरील फोटोंना हार्ड लिंक करू पाहिले तर `Invalid cross-device link` असा नकार मिळतो. आयनोडचे क्रमांक प्रत्येक फाइल सिस्टिमचे आपापले असतात, त्यामुळे तेथे सिंबॉलिक लिंकशिवाय पर्याय नाही.

भागीदार आता काहीही काढण्यापूर्वी पुढील आज्ञा चालवतात. तिच्यात येणाऱ्या फोटोंना दुसरे नाव नाही, म्हणजे ते पुसले की गेले. ज्यांचे दुसरे नाव आहे त्यांचे ते नाव कोठे आहे याचा शोध `find` च्या `-samefile` या पर्यायाने लागतो.

```
find mul -type f -links 1
```