एका हद्दीत एकच वितरक की दोन?

नवीन भाग उघडताना एकाच वितरकाला पूर्ण हक्क द्यायचा की दोघांना माल द्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. मार्जिन आणि टार्गेटचे आकडे त्यानंतर येतात.

दोघे असले की माल जास्त दुकानांत पोचेल, असं वाटतं. होतं वेगळंच. दोघांच्या गाड्या त्याच मोठ्या दुकानांपुढे उभ्या राहतात, कारण ऑर्डर तिथे पटकन मिळते. आठ टक्के मार्जिन दिलं तर त्यातले चार-पाच टक्के दुकानदाराला सूट म्हणून जातात. उरलेल्या तीन-चार टक्क्यांत गोदाम, गाडी, सेल्समन आणि उधारीवर अडकलेला पैसा भागत नाही. मग आडबाजूची लहान दुकानं सुटतात आणि कंपनीला येणारा दुकानवार विक्रीचा रिपोर्टही थांबतो. आपल्या गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्याच्या हाती जाईल, ही भीती दोघांनाही असते.

एकच असेल तर ही कापाकापी टळते आणि तो मनापासून गुंतवणूक करतो. धोका एवढाच, की तो झोपला तर अख्खी हद्द झोपते. आणि हे कळतंही उशिरा, कारण कंपनीचं बिलिंग चालू असतं.

समजा, तिमाहीचं टार्गेट ३,००० पेट्या होतं आणि तेवढ्या त्याने उचलल्या. कागदावर शंभर टक्के! पण सुरुवातीला गोदामात ४०० पेट्या होत्या, शेवटी १,३०० निघाल्या. म्हणजे दुकानांत गेल्या फक्त २,१००, टार्गेटच्या सत्तर टक्के. बाकीच्या ९०० महिनाअखेरीस कोंबलेल्या. पुढच्या तिमाहीत ऑर्डर आटली की भांडण सुरू. म्हणून टार्गेट उचलीवर नको, दुकानांत गेलेल्या मालावर हवं. त्यासाठी दर आठवड्याला दुकानवार विक्री आणि महिनाअखेरचा साठा मागवावा, आणि अधूनमधून स्वतः गोदामात जाऊन पेट्या मोजाव्यात. मालावरचा बॅच नंबर जुना दिसला की समजावं, माल पडून आहे.

माझं मत एकाच वितरकाच्या बाजूने आहे, पण हक्क सशर्त हवा. पहिले सहा महिने चाचणीचे. नंतर सलग दोन तिमाह्या दुकानविक्री टार्गेटच्या ऐंशी टक्क्यांखाली गेली, तर एकाधिकार आपोआप संपतो आणि कंपनी दुसरा नेमू शकते, हे करारात लिहावं. आठ टक्के सरसकट देऊ नयेत. पाच बिलावर, दोन टार्गेटवर, एक वेळेवर रिपोर्ट आल्यावर. हा शेवटचा एक टक्का लहान दिसतो, पण तो हिशेबातून वळता झाला की पुढचा रिपोर्ट न मागता येतो.

मोठ्या साखळी दुकानांची आणि ऑनलाइन विक्री स्वतःकडे ठेवायची असेल, तर त्यांची नावंच करारात घालावीत. ‘मोठे ग्राहक’ एवढंच लिहिलं, तर पहिली मोठी ऑर्डर आली की ती कोणाची, यावर कंपनी आणि वितरक दोघे अडून बसतात.

दोन वितरक परवडतात ते एकाच परिस्थितीत: मालाचे दोन वेगळे प्रकार असतील आणि दुकानंही वेगळी असतील.