बोर्ड बदलल्यानंतर चेहरे हिरवट दिसू लागले: ५५ इंची टीव्ही, वापरानंतरचा अनुभव

टीव्ही कोणता, साइज काय, पॅनल कुठलं हे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. पावसाळ्यात आमच्या ऐरोलीत लाइट जाऊन झटक्यात परत आली आणि टीव्हीचा मेन बोर्ड गेला. वॉरंटी होती, बोर्ड फुकट बदलून मिळाला. पण त्या संध्याकाळी आईने मालिका लावली आणि म्हणाली, "सगळ्यांना कावीळ झालीये का रे?" खरंच, सगळे चेहरे हिरवट-पिवळे दिसत होते.

तक्रार केली. टेक्निशियन आला, चॅनल लावलं, सेटिंगमध्ये जाऊन Tint ची पट्टी R कडे सरकवली आणि म्हणाला, "आता बघा साहेब, झालं ना व्यवस्थित?" नायिकेचा चेहरा तेवढ्यापुरता माणसासारखा दिसला. त्याने तक्रार बंद केली. रात्री मॅच लावली तर मैदानाचं गवत पिवळट आणि भारताची निळी जर्सी मोरपंखीकडे झुकलेली. मालिकेतल्या सासूबाईंचं लाल कुंकू राणी रंगाचं. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे अंपायरची पांढरी टोपी अजून हिरवटच.

ती टोपी महत्त्वाची आहे. टिंट चित्रातल्या सगळ्या रंगांना एकाच दिशेने फिरवतो. त्वचा हिरव्याकडून लालीकडे गेली की हिरवा पिवळ्याकडे, लाल गुलाबीकडे आणि निळा आकाशीकडे सरकतो. पण ज्यात रंगच नाही, म्हणजे पांढरं, राखाडी, काळं, त्याला टिंट हातही लावत नाही. म्हणून चेहरा आणि पांढरा शर्ट दोन्ही हिरवट असतील, तर दुखणं टिंटचं नसतंच.

खात्री करायची युक्ती सोपी आहे आणि फुकट आहे. Picture मध्ये जाऊन Color शून्यावर आणा. चित्र ब्लॅक अँड व्हाइट होतं. आता बघा, राखाडी खरंच राखाडी आहे का? खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, पाच-एक मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. आमच्या टीव्हीवर ढग, भिंती, कपडे सगळं हलक्या शेवाळी रंगाचं दिसत होतं. राखाडीत रंग दिसला तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्या-राखाडीतलं लाल, हिरव्या, निळ्याचं प्रमाण, बिघडलाय. राखाडी स्वच्छ असेल आणि फक्त चेहरेच बिघडलेले असतील, तर मग Color किती वाढवलाय, Vivid मोड चालू आहे का आणि शेवटी टिंट असं बघावं. एक सांगतो, याचा मोबाइलने फोटो काढून कंपनीला पुरावा म्हणून पाठवू नका. कॅमेरा स्वतःच रंग सुधारतो, फोटोत सगळं छान दिसतं.

टिंटचं बटण मुळात आपल्यासाठी नव्हतंच. अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती, तिच्यात प्रक्षेपणात रंगाच्या सिग्नलची फेज, म्हणजे लहरीची वेळ, सरकली की चेहऱ्याचा रंग बदलायचा, म्हणून तिथल्या टीव्हीला ते बटण लागायचं. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीने. पाल एकाआड एक ओळीत फेज उलटवून ती चूक आपोआप पुसून टाकते. आता एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, त्यात फेज सरकायला जागाच नाही. त्यामुळे टिंट मध्यावरच हवा. मी सगळ्यात आधी तो परत मध्यावर आणला.

दुसरा टेक्निशियन मात्र जाणकार निघाला. Color शून्य केलेला पडदा बघूनच म्हणाला, "बोर्ड बदलला की व्हाइट बॅलन्स परत बसवावा लागतो, तो कुणी बसवलाच नाही." त्या विशिष्ट पॅनलसाठी कारखान्यात मोजून ठरवलेले आकडे जुन्या बोर्डावर होते, ते बोर्डाबरोबर गेले. त्याच्याकडे रंग मोजायचं यंत्र नव्हतं. यंत्रवाला माणूस पाठवतो म्हणाला, तो आजतागायत आलेला नाही. उलट कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी पॅनल बदलायचा खर्च सांगितला, टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त! धडधाकट पॅनलसाठी मी ते पैसे देणार नव्हतो.

म्हणून स्वतः बसवलं. Movie मोड घेतला, Color Temperature मध्ये Warm 2 निवडलं, कारण चित्रपट आणि मालिका ज्या पांढऱ्यावर तयार होतात, ६५०० केल्व्हिनच्या जवळचा, त्याच्या सहसा हेच सेटिंग जवळ असतं. मग White Balance मध्ये 2-Point. त्यात प्रत्येक रंगाचे दोन आकडे असतात: Gain उजळ भागासाठी, Offset गडद भागासाठी. आमचा हिरवा उजळ भागात जास्त होता, म्हणून फक्त G-Gain एकेक पायरी खाली आणला. लाल आणि निळा वाढवूनही हिरवा दबतो, पण मग अगदी उजळ जागी तपशील जळतात, पांढऱ्या साडीच्या घड्या गायब होतात. कमी करणंच बरं. हिरवा कमी केला की उजेडही कमी होतो, कारण एचडी चित्राच्या उजेडात जवळपास ७२ टक्के वाटा हिरव्याचा असतो. तो Backlight थोडा चढवून भरून काढला.

तुलनेसाठी शेजारी मोबाइलवर तेच राखाडी चित्र ठेवलं, मोबाइलचा नाइट मोड बंद करून. ही अंदाजाची पद्धत आहे, यंत्राची सर नाही. पण हिरवट छटा गेल्याचं स्पष्ट कळतं. शेवटी Color परत ५० वर.

आता पडताळणी चेहऱ्यांवर. गोरा, गव्हाळ, सावळा, काळा, त्वचेची छटा जवळपास एकाच रेषेवर येते. फरक पडतो तो उजेडाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. स्टुडिओत वेक्टरस्कोपवर, म्हणजे चित्रातले रंग गोल आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रावर, त्यासाठी स्किन टोनची वेगळी रेषच आखलेली असते. म्हणून एका गोऱ्या मेकअपवाल्या नायिकेवरून सेटिंग ठरवू नका. बातम्यांमध्ये रस्त्यावर उभं राहून बोलणारी साधी माणसं बघा. एक गव्हाळ आणि एक सावळा चेहरा दोन्ही जिवंत वाटले तर जमलं. आमच्याकडे जमलं.

सुरुवातीला Warm 2 आईला पिवळं वाटलं, मलाही परत Standard करावंसं वाटत होतं. आमच्या हॉलची ट्यूबलाइट निळसर पांढरी, शिवाय आधीचं निळसर चित्र बघायची सवय. आठवड्याभरात दोघांचंही मत बदललं. आता Standard लावलं की चेहरे पीठ लावल्यासारखे दिसतात. टीव्हीबद्दलचं माझं मतही बदललंय. पॅनल उत्तम आहे, या किमतीत असे रंग मिळणं कठीण. सर्व्हिस मात्र टाकाऊ.

कमतरता अजून एक उरली आहे. रात्रीच्या गडद प्रसंगांत गालाच्या सावलीत किंचित हिरवं दिसतं. G-Offset ने ते नुसत्या डोळ्यांनी धड बसत नाही, एक पायरी खाली नेली की काळा जांभळा होतो. ते यंत्राशिवाय सोडून दिलंय.

सेट टॉप बॉक्सवर केलेलं सेटिंग ओटीटी अ‍ॅप्सना आपोआप लागेल असं समजू नका. आमच्या टीव्हीत Apply Picture Settings ला All Sources द्यावं लागलं, आणि एचडीआर चित्रपटासाठी तेच आकडे वेगळे भरावे लागले. आकडे कागदावर लिहून ठेवा. Reset Picture दाबलं की सगळे आकडे जातात आणि कंपनीला ते माहीत नसतात.